बारा मिनिटं आणि तीस मिनिटं

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला. त्याआधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, दिल्लीत त्यानं अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर, १ तास ३० सेकंदांत पुरं केलं होतं. दोन्ही शर्यतींत पाय तेच आणि हृदयही तेच. पण शरीराला अडवणारी मर्यादा दोन्हीकडे वेगळी असते. आठ मिनिटांच्या शर्यतीत प्रश्न असतो, एका मिनिटात शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं? तासाभराच्या शर्यतीत प्रश्न बदलतो. त्या कमाल क्षमतेचा किती मोठा वाटा तासभर वापरत राहता येतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमता, ज्याला मैदानावर सगळे ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे लॅक्टेटचा उंबरठा. प्रयोगशाळेत पहिल्यासाठी तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर धावावं लागतं आणि दुसऱ्यासाठी दर काही मिनिटांनी बोटातून किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब द्यावा लागतो. अकरावी-बारावीच्या मुलामुलींना यातलं काही मिळत नाही, पण मोजलेलं मैदान, स्टॉपवॉच आणि वही मिळते. तेवढ्यावरही या दोन्ही गोष्टींचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. मात्र हाती आलेले आकडे वाचायचे कसे, हे आधी समजून घ्यायला हवं.

ऑक्सिजन कुठे अडतो?

धापा लागल्या की वाटतं, फुप्फुसं कमी पडली. निरोगी तरुण माणसात सहसा तसं नसतं. फुप्फुसांतून बाहेर पडणारं रक्त जोरात धावतानाही ऑक्सिजननं जवळजवळ भरलेलं असतं. ते रक्त स्नायूंपर्यंत किती वेगानं पोहोचतं आणि स्नायू त्यातला किती ऑक्सिजन काढून घेतात, यावर कमाल ग्रहणक्षमता ठरते.

६० किलो वजनाचा एक मुलगा घेऊ. तो स्वस्थ बसलेला असताना त्याचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतं आणि शरीर त्यातल्या दर लिटरमागे ४० मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन घेतं. म्हणजे मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर. आता तो जीव तोडून धावू लागला. ठोके मिनिटाला २०० झाले, दर ठोक्याला ९४ मिलिलिटर रक्त बाहेर पडू लागलं. गुणाकार केला तर मिनिटाला १८.८ लिटर रक्त होतं. त्या प्रत्येक लिटरमधल्या सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजनपैकी १५० मिलिलिटर त्याच्या शरीरानं काढून घेतला, तर एकूण वापर मिनिटाला २८२० मिलिलिटर झाला. त्याला ६० किलोनं भागलं की ४७ येतात. ‘दर किलोमागे दर मिनिटाला ४७ मिलिलिटर’ असं लिहितात तो आकडा हाच.

वजनानं भागायचं कारण सोपं आहे. धावताना प्रत्येकाला स्वतःचं वजन उचलून न्यावं लागतं. थोराड मुलगा एकूण ऑक्सिजन जास्त वापरतो, पण त्याचं ओझंही जास्त असतं.

या गुणाकारात हिमोग्लोबिन दडलेलं आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर लिटरभर रक्त २०० मिलिलिटर ऑक्सिजन नेतं. तेच हिमोग्लोबिन १० ग्रॅम असेल तर १३४ मिलिलिटरच. हृदय कितीही तगडं असलं तरी स्नायूंपर्यंत पोहोचणारा माल एक तृतीयांशानं घटला. आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं आहे. म्हणून नियमित सराव करणाऱ्या मुलीचा आकडा फारच कमी आला, तर तिच्या जिद्दीबद्दल बोलण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासावं. रक्तक्षय असेल तर इलाज डॉक्टरांकडे आहे. जादा फेऱ्या मारून तो भरून निघत नाही.

लॅक्टेट खलनायक नाही

मैदानावर अजून सर्रास ऐकू येतं, ‘पायात लॅक्टिक ॲसिड साचलंय, म्हणून दुसऱ्या दिवशी पाय दुखतात.’ हे खरं नाही. जोरात धावल्यावर वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात मूळ पातळीवर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचं असतं. ते उतारावरून धावल्यावर जास्त जाणवतं, कारण तिथे स्नायूंना ताणले जात असताना जोर लावावा लागतो.

स्नायू साखर फोडून ऊर्जा मिळवतात तेव्हा लॅक्टेट तयार होतं. ते स्वस्थ बसलेलं असतानाही होतं आणि ऑक्सिजन पुरेसा असतानाही होतं. त्याचा कचराही होत नाही. हृदय आणि संथ गतीनं काम करणारे स्नायुतंतू ते इंधन म्हणून वापरतात, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे जॉर्ज ब्रूक्स यांनी १९८० च्या दशकापासून लॅक्टेटचा हा प्रवास उलगडून दाखवला.

मग उंबरठा कशाचा? मोरीत नळ सोडला आहे असं समजा. नळ बारीक असेल तोवर पाणी येतं तेवढं वाहून जातं. नळ थोडा मोठा केला तर पाणी जरा चढतं, पण एका पातळीला थांबतं. त्याहून मोठा केला की निचरा पुरत नाही आणि पाणी चढतच जातं. रक्तातल्या लॅक्टेटचं तसंच होतं. विश्रांतीत ते लिटरमागे साधारण १ मिलिमोल असतं. सावकाश धावताना त्यात फारसा फरक पडत नाही. एका वेगापर्यंत ते वाढूनही स्थिर राहतं. तो वेग ओलांडला की दर मिनिटाला चढत जातं. हा सीमेवरचा वेग म्हणजे उंबरठ्याचा वेग. ४ मिलिमोल हा त्याचा ढोबळ खुणेचा आकडा म्हणून वापरतात, पण प्रत्यक्षात तो माणसागणिक बदलतो.

उंबरठ्यापलीकडे पाय जड होतात ते लॅक्टेटमुळे नव्हे. साखर इतक्या झपाट्यानं फोडली जात असताना स्नायूंत आम्लता आणि फॉस्फेट वाढतात आणि आकुंचनात अडथळा आणतात. लॅक्टेट हा त्या घडामोडीचा मोजता येणारा माग आहे.

उंबरठा किती मोलाचा असतो, हे ऑस्ट्रेलियाच्या डेरेक क्लेटननं दाखवून दिलं. १९६९ मध्ये तो मॅरेथॉन २ तास ८ मिनिटं ३३ सेकंदांत धावला आणि तो जागतिक उच्चांक ठरला. त्याची कमाल ग्रहणक्षमता मोजली तेव्हा ती ७० च्या आसपास भरली. सामान्य माणसाच्या मानानं ती उत्तमच, पण तशा दर्जाच्या धावपटूंत मुळीच थक्क करणारी नव्हे. तो आपल्या क्षमतेचा मोठा वाटा, सुमारे ८५ टक्के, दोन तास वापरत राहू शकत होता.

दोन चाचण्या, दोन मुलं

पहिली चाचणी अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांची. १९६८ मध्ये त्यांनी ११५ जवानांना १२ मिनिटांत जमेल तेवढं धावायला लावलं आणि प्रयोगशाळेतल्या आकड्यांशी ते अंतर ताडून पाहिलं. दोन्हींचा मेळ चांगला बसला. त्यातून निघालेलं सूत्र असं:

कमाल ग्रहणक्षमता = (मीटरमधलं अंतर − ५०४.९) ÷ ४४.७३

दुसरी चाचणी तीस मिनिटांची. एकट्यानं, शर्यतीशिवाय, अर्धा तास टिकेल अशा सर्वांत जास्त वेगानं धावायचं. त्या अर्ध्या तासाचा सरासरी वेग उंबरठ्याच्या वेगाजवळ जातो. खरं तर नीट सराव असलेला धावपटू उंबरठ्याच्या वेगानं तासभरही धावू शकतो. पण शर्यतीची चुरस नसताना एकटा माणूस स्वतःला पूर्ण पिळून काढत नाही, म्हणून अर्ध्या तासाचा सराव-वेग अंदाजासाठी चालतो. त्यातल्या शेवटच्या २० मिनिटांचे सरासरी ठोकेही नोंदवता येतात. मनगटी यंत्र नसेल तर थांबताक्षणी १० सेकंद नाडी मोजून ६ नं गुणावं. २९ ठोके आले तर मिनिटाला १७४. मिनिटभर मोजत बसलात तर नाडी तेवढ्यात उतरते आणि आकडा चुकतो.

आता उदाहरणादाखल बारावीची दोन मुलं घेऊ. एक कबड्डीपटू, दुसरा रोज लांबच्या गावाहून सायकलनं कॉलेजला येणारा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर १२ मिनिटांत दोघांच्याही साडेसहा फेऱ्या झाल्या, म्हणजे २६०० मीटर. सूत्रात घातलं तर २०९५.१ भागिले ४४.७३, म्हणजे ४६.८, ढोबळमानानं ४७. वहीत दोघांपुढे एकच आकडा.

चार दिवसांनी तीस मिनिटांची चाचणी झाली. कबड्डीपटूच्या साडेतेरा फेऱ्या झाल्या, ५४०० मीटर. सायकलवाल्याच्या पंधरा फेऱ्या, बरोबर ६००० मीटर. इथे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

वाचायची रीत अशी. १२ मिनिटांच्या चाचणीत दोघांचा वेग मिनिटाला २१७ मीटर होता. तीस मिनिटांत कबड्डीपटूचा वेग मिनिटाला १८० मीटर, म्हणजे १२ मिनिटांच्या वेगाच्या ८३ टक्के. सायकलवाल्याचा २०० मीटर, म्हणजे ९२ टक्के. ही टक्केवारी प्रयोगशाळेतला उंबरठा नव्हे, तिथे ती ऑक्सिजनच्या वापरावरून काढतात. पण दोन मुलांची, किंवा एकाच मुलाची दोन महिन्यांच्या अंतरानं, तुलना करायला ती पुरते. ९० च्या वर असेल तर मुलगा आपली क्षमता दीर्घकाळ वापरू शकतो. ८५ च्या खाली असेल तर क्षमता आहे, पण वेग लांबवता येत नाही. हे आकडे कायद्याच्या रेषेसारखे घट्ट धरू नयेत. एखाद्या टक्क्याच्या फरकाला अर्थ नसतो.

कबड्डीपटूत काही उणं आहे असंही यातून निघत नाही. चढाई ३० सेकंदांची असते आणि त्याचं शरीर त्या कामासाठी घडलं आहे. पोलीस भरतीच्या १६०० मीटरमध्येही ही दोन मुलं बहुधा मागेपुढेच राहतील, कारण ती धाव पाच-सहा मिनिटांत आटोपते आणि तिथे कमाल क्षमतेचा वाटा मोठा असतो. दहा किलोमीटर किंवा अर्धमॅरेथॉनला मात्र सायकलवाला बराच पुढे निघून जाईल.

आकडा फसवतो तेव्हा

कूपर चाचणीत सर्वांत जास्त घोळ वेग राखण्यात होतो. सोबत्यांच्या नादानं पहिली फेरी दीड मिनिटात, मग दम तुटून पाचवी फेरी सव्वादोन मिनिटांत, असं झालं तर एकूण अंतर त्या मुलाच्या क्षमतेपेक्षा कमी भरतं. म्हणून फक्त शेवटचं अंतर लिहू नये. जोडीदारानं प्रत्येक फेरीची वेळ टिपावी. २६०० मीटरच्या हिशेबानं फेरी १ मिनिट ५१ सेकंदांची होते. सगळ्या फेऱ्या त्याच्या पाच-सात सेकंद इकडेतिकडे असतील तर आकडा धरावा. पहिल्या आणि पाचव्या फेरीत अर्ध्या मिनिटाहून जास्त तफावत असेल तर चाचणी बाद समजून आठवड्यानं पुन्हा घ्यावी.

दुसरा घोळ मोजणीचा. सूत्रात १०० मीटरची किंमत सव्वादोन मिलिलिटर आहे. अर्धी फेरी मोजायची राहून गेली तर ४७ चे साडेबेचाळीस होतात. शाळेच्या पटांगणाची फेरी ‘दोनशेची असेल’ असं गृहीत धरू नये, टेपनं मोजून घ्यावी, तीही मुलं जिथून प्रत्यक्ष धावतात त्या कडेनं.

तिसरी गोष्ट ऊन. उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्ताचा मोठा हिस्सा त्वचेकडे वळतो आणि स्नायूंच्या वाट्याला तेवढं कमी येतं. जानेवारीच्या सकाळी घेतलेली चाचणी आणि एप्रिलच्या दुपारी घेतलेली चाचणी शेजारी ठेवून ‘मुलगा घसरला’ म्हणणं अन्याय आहे. दोन्ही वेळी सकाळ, तेच मैदान, आदल्या दिवशी विश्रांती, एवढं सांभाळावं. ताप येऊन गेला असेल तर पूर्ण बरं वाटून सराव पुन्हा सुरू होईपर्यंत चाचणी नको. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, आणि धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावं.

शेवटची मर्यादा सूत्राचीच आहे. ते अमेरिकी हवाई दलातल्या पुरुषांवरून निघालं. मुलींना, सोळा वर्षांच्या मुलाला किंवा फार वेगळ्या धाटणीनं धावणाऱ्याला ते लावलं की चूक वाढते. दोन माणसांची कमाल क्षमता सारखी असूनही ज्याच्या पावलाला कमी ऑक्सिजन लागतो तो जास्त अंतर कापतो, आणि सूत्र त्याला क्षमतेचं श्रेय देऊन टाकतं. म्हणून ४६.८ असं दशांशापर्यंत लिहून मिरवण्यात अर्थ नाही. ‘पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान’ एवढंच म्हणावं.

पुढचे आठ आठवडे

निदान वेगळं आलं की सरावही वेगळा होतो. कबड्डीपटूला लांब पल्ल्यावर सुधारायचं असेल तर आठवड्यातून तीन दिवस त्यानं सावकाश धावावं, सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतकं सावकाश. एक दिवस उंबरठ्याच्या वेगानं चार-चार फेऱ्यांचे तीन टप्पे घ्यावेत. त्याचा तीस मिनिटांचा वेग पाहता फेरी २ मिनिटं १३ सेकंदांची होते. मध्ये दोन मिनिटं हलकी धाव. टप्प्यात असताना चार-पाच शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण शेवटची फेरी पहिलीपेक्षा मंदावूही नये. मंदावली तर वेग जास्त धरला होता, असं समजावं.

सायकलवाल्याचा उंबरठा आधीच कमाल क्षमतेला टेकत आला आहे. त्याला कमाल क्षमता वाढवायला हवी. त्यानं आठवड्यातून एक दिवस दीड-दीड फेरीचे, म्हणजे ६०० मीटरचे, पाच टप्पे कूपर चाचणीच्या वेगानं घ्यावेत. दर टप्पा २ मिनिटं ४६ सेकंदांचा आणि मध्ये तेवढाच वेळ हलकी धाव. ही वाढ सगळ्यांत सारखी होत नाही. तोच सराव करूनही काहींची कमाल क्षमता भरभर वाढते, काहींची जेमतेम, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

समजा, आठ आठवड्यांनी कबड्डीपटूची फेरचाचणी झाली. १२ मिनिटांत २६२० मीटर. सूत्रानं पुन्हा ४७. एवढ्यावरच वही मिटली तर शिक्षक म्हणतील, दोन महिने वाया गेले, आणि मुलालाही तसंच वाटेल. पण तीस मिनिटांत तो आता ५७५० मीटर गेला. वेग मिनिटाला जवळजवळ १९२ मीटर, टक्केवारी ८३ वरून ८८. त्याच्या हृदयाची कमाल ताकद होती तिथेच आहे. स्नायूंनी मात्र लॅक्टेट वापरून टाकणं आणि ऑक्सिजनवर जास्त काम भागवणं शिकून घेतलं. उंबरठा सहसा कमाल क्षमतेपेक्षा जास्त वाढतो, आणि एकटी कूपर चाचणी घेणाऱ्याच्या वहीत ती वाढ उमटतच नाही.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे चार रकाने असावेत: बारा मिनिटांचं अंतर, तीस मिनिटांचं अंतर, दोन्ही वेगांची टक्केवारी आणि थांबताक्षणीची नाडी. शेजारी त्या दिवशीची वेळ, ऊन आणि फेऱ्यांच्या वेळा लिहाव्यात. पुढच्या वेळी कबड्डीपटूची नाडी त्याच १९२ मीटरच्या वेगाला १७४ ऐवजी १६८ आली, तर अंतर एक मीटरही वाढलेलं नसलं तरी सराव लागू पडतो आहे, असं त्याला वही दाखवून सांगता येईल.